खोडायचं नाही, दुरुस्त करायचं नाही: अपूर्णांकाच्या तासासाठी ठेवलेली चिठ्ठी

"अपूर्णांकाची कार्यपत्रिका टेबलाच्या खणात आहे. पाचवीकडून सोडवून घ्यावी व जमा करून ठेवावी."

दोन वर्षांपूर्वी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जाताना मी शाळेत एवढीच चिठ्ठी ठेवली होती. परत आलो तेव्हा खणात चोवीस कार्यपत्रिका नीट चवड लावून ठेवलेल्या होत्या. चोवीसच्या चोवीस बरोबर. चौथ्या प्रश्नाखाली कारण लिहायचं होतं, तिथे "कारण तीन भाग केले की एक भाग मोठा येतो" हे वाक्य चोवीस पानांवर शब्दाला शब्द तेच होतं. फळ्यावरून उतरवलेलं. माझ्या जागी आलेल्या गुरुजींनी सगळी गणितं फळ्यावर सोडवून दिली होती आणि मुलांनी ती मन लावून उतरवली होती. गुरुजींना बोल लावायला जागाच नव्हती. "सोडवून घ्यावी" असं मीच लिहिलं होतं, त्यांनी सोडवून घेतली.

तेव्हा मला ते एवढं जाणवलं नाही. पानं बरोबर दिसली म्हणून मी पुढच्या घटकाकडे वळलो. पंधरा दिवसांनी १/२ + १/४ दिलं तर निम्म्या वर्गाने २/६ लिहिलं. वर वर मिळवा, खाली खाली मिळवा. म्हणजे अपूर्णांक ही एक संख्या आहे हेच त्यांच्या मनात बसलेलं नव्हतं. त्यांना रेघेच्या वर एक संख्या आणि खाली दुसरी संख्या दिसत होती. हे त्या चोवीस पानांवर मला आधीच दिसायला हवं होतं. पण त्या पानांवर मुलं नव्हतीच, फक्त फळा होता.

यंदा डिसेंबरात पुन्हा तीच वेळ आली. पंचायत समितीत दोन दिवसांचं प्रशिक्षण, आणि अपूर्णांकाचा घटक ऐन मध्यावर. आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. पाचवीत पटावर सत्तावीस मुलं. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे रोजची हजेरी वीस-बावीसच्या पुढे जात नव्हती. केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतल्या एक मॅडम दोन दिवस येणार होत्या. त्या पहिली-दुसरीला शिकवतात, हाताखालची मुलं बोलती करण्यात हुशार, पण पाचवीचं गणित त्यांनी कधी घेतलेलं नव्हतं. मी रात्री जेवण झाल्यावर चिठ्ठी लिहायला बसलो ती साडेअकरापर्यंत लिहीत होतो. दोन पानं झाली. दोनदा फाडून पुन्हा लिहिली, कारण पहिल्या दोन्ही वेळी मी "काय करायचं" तेच लिहीत गेलो आणि "काय करायचं नाही" ते राहून गेलं.

शेवटी सुरुवात अशी केली:

"मॅडम, नमस्कार. या कार्यपत्रिकेत मुलांची उत्तरं बरोबर यावीत असा आपला हेतू नाही. कोणतं मूल कुठे अडतं ते मला परवा पाहायचं आहे. म्हणून एक विनंती सगळ्यात आधी: मुलं लिहीत असताना त्यांना उत्तर सांगू नका, चूक दाखवू नका आणि फळ्यावर यातलं एकही गणित सोडवू नका. डोळ्यासमोर चूक होताना गप्प राहणं जड जातं, मला ठाऊक आहे. तरी तेवढं करा."

यानंतर पेनचं. आमच्याकडे चौथीपर्यंत पेन्सिल असते, पाचवीत पेन येतो, आणि मुलांना त्याचं अप्रूप असतं. त्याचाच उपयोग करायचं ठरवलं. पहिले पंचवीस मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, पेनने लिहायचं. चुकलं वाटलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला नवीन लिहायचं; गिरगटायचं नाही. खोडरबर या वेळात दप्तरात. मग पेन दप्तरात टाकायला सांगायचा, पेन्सिल काढायला लावायची, आणि शेजारच्याशी पंधरा मिनिटं बोलायचं. बोलताना आपलं उत्तर बदलावंसं वाटलं तर ते पेन्सिलने लिहायचं. मूळ पेनचं उत्तर तसंच ठेवायचं. म्हणजे एकाच पानावर मला दोन गोष्टी दिसतात: मूल एकटं असताना काय समजत होतं, आणि शेजाऱ्याशी बोलून त्याला काय सुचलं. मोठ्या शाळांमध्ये यासाठी दोन रंगांचे पेन देतात असं ऐकलं आहे. आमच्या मुलांजवळ एक पेन आणि एक पेन्सिल असते, आणि तेवढ्यात काम होतं.

कार्यपत्रिकेत पाचच प्रश्न होते. पहिल्यात चार आकृत्या होत्या आणि कोणत्या आकृतीत १/४ भाग रंगवला आहे ते ओळखायचं होतं. एक आकृती मुद्दाम चार असमान भागांची घातली होती. दुसऱ्यात पाच समान भागांची पट्टी, तीन भाग रंगवलेले, आणि रंगवलेला भाग अपूर्णांकात लिहायचा. तिसऱ्यात बारा सेंटिमीटरची कोरी पट्टी, तिचा २/३ भाग रंगवायचा. चौथ्यात १/३ आणि १/४ यांतला मोठा कोणता ते चित्र काढून सांगायचं आणि कारण लिहायचं. पाचव्यात २/५ + १/५. बारा सेंटिमीटर यासाठी, की बाराचे दोन, तीन, चार, सहा असे सारखे भाग पट्टीने मोजून पडतात, मुलाचा वेळ भागाकारात जात नाही.

लिहायला बसवण्याआधी दहा मिनिटं कागदाची पट्टी दुमडायला ठेवली होती. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या तीस पट्ट्या मीच कापून ठेवल्या. अर्ध्यात दुमडा, पुन्हा अर्ध्यात दुमडा, उघडा, चार भाग. मॅडमना इथे एका गोष्टीबद्दल मात्र फार बारकाईने लिहिलं, कारण ती आपल्या भाषेतच दडलेली आहे आणि मला स्वतःला ती कळायला कित्येक वर्षं लागली.

आपण ३/४ कसं समजावतो? "चारपैकी तीन भाग." बोलताना चार आधी येतो, तीन नंतर. मूल ऐकतं त्या क्रमाने लिहितं: आधी ऐकलेला चार वर, नंतर ऐकलेला तीन खाली. झाला ४/३. त्याला समजलेलं सगळं बरोबर असतं, फक्त कानाने हाताला उलटं सांगितलेलं असतं. वाचताना मात्र आपण "तीन छेद चार" म्हणतो, तिथे तीन आधी. एकाच संख्येला दोन नावं, आणि दोन्हींचा क्रम एकमेकांच्या विरुद्ध. आमच्या वर्गात सहा मुलं तांड्यावरून येतात, घरी गोरमाटी बोलतात. त्यांना "पैकी" हा शब्दच पुस्तकात पहिल्यांदा भेटतो. म्हणून चिठ्ठीत लिहिलं:

"पट्टी दुमडून झाल्यावर फळ्यावर ३/४ लिहिताना कृपया हाच क्रम ठेवा. आधी आडवी रेघ. मग 'एकूण भाग किती?' विचारून खाली ४. मग 'त्यातले आपण किती घेतले?' विचारून वर ३. तोंडाने 'चारपैकी तीन' म्हणत असतानाच हात खालून वर जाऊ द्या. एवढं एकदाच करा. नंतर फळा पुसून टाका."

फळा पुसायचं का लिहिलं ते सांगतो. फळ्यावर ३/४ राहिला की दुसऱ्या प्रश्नाला दोन-तीन मुलं ३/४च लिहितात. पट्टी पाच भागांची असली तरी.

मग मुलं अडली तर काय बोलायचं, ते. नुसतं "मदत करू नका" म्हटलं तर नवीन माणूस वर्गात ताटकळतो आणि मुलंही घाबरतात. म्हणून मी मॅडमना दोन वाक्यं दिली. कोणी विचारलं "हे बरोबर हाय का?" तर म्हणायचं, "तू हे कसं केलंस ते मला सांग." आणि कोणी चित्रापाशी अडलं तर म्हणायचं, "यातलं पूर्ण कोणतं आहे ते बोट ठेवून दाखव." याच्या पलीकडे नाही. प्रश्न वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचा, दोनदा वाचायचा, पण आपल्या शब्दांत समजावायचा नाही. समजावताना आपण नकळत उत्तराकडे बोट दाखवतो.

जमा करण्याबद्दल अर्धं पान गेलं. दरवर्षी दोन-तीन पानं गहाळ होतात आणि नेमकी ज्याची पाहायची त्याचीच होतात, हा माझा अनुभव आहे. मुलांनी नावाच्या जागी हजेरी क्रमांकही लिहायचा, तो पेनने, पान हातात आल्याबरोबर. वाटताना किती वाटली ते मॅडमनी चिठ्ठीच्या मागे लिहायचं. गोळा करताना मुलांकडून पुढे पाठवून घ्यायची नाहीत, कारण पुढे जाता जाता पानं पाहिली जातात आणि पेन्सिली चालतात. मॅडमनी स्वतः ओळीतून फिरून पालथी घ्यायची. गैरहजर मुलांच्या कोऱ्या पानांवर त्यांचे क्रमांक टाकून ती त्याच गठ्ठ्यात ठेवायची. म्हणजे गठ्ठ्यात पटाइतकीच, सत्तावीस पानं यायला हवीत. एकही कमी नाही. लाल पेन लावायचा नाही, बरोबर-चूक करायचं नाही, "छान" लिहायचं नाही. त्याऐवजी वर्गात कानावर पडलेलं काही, कोणी काही वेगळं बोललं तर, एका कागदावर त्याच शब्दांत टिपून ठेवायचं.

लवकर आटोपणाऱ्यांसाठी एक ओळ: पानाच्या मागे शेजाऱ्यासाठी अपूर्णांकाचं एक गणित तयार कर. एवढं पुरतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत आलो तर गठ्ठा सुतळीने बांधून कपाटात होता. मी उभ्या उभ्या मोजला. सव्वीस. मॅडमच्या कागदावर पहिलीच ओळ होती: "क्र. १४ ने पान घरी नेलं, वडिलांना दाखवतो म्हणाला, मी नाही म्हणेपर्यंत पळाला. उद्या आणतो म्हणाला." त्याखाली दुसरी ओळ: "तिसऱ्या प्रश्नात पट्टी पुरत नाही अशी तक्रार बऱ्याच जणांची. मी काही बोलले नाही, पण एकदा पाहा."

मी पट्टी घेऊन मोजली. साडेअकराला एक मिलिमीटर कमी, ११.४ सेंटिमीटर. माझ्या मूळ पानावर ती बरोबर बारा होती, मी तीच मोजली होती. झेरॉक्सवाल्याच्या मशीनने पान कडेला कापलं जाऊ नये म्हणून पंच्याण्णव टक्क्यांवर आणलं होतं, आणि बाराचे ११.४ झाले. मुलांनी बाराला तीनने भागून चार-चार सेंटिमीटरच्या खुणा केल्या. पहिला भाग चार, दुसरा चार, तिसरा ३.४. बहुतेकांनी शेवटचा तोकडा भाग तसाच सोडून पहिले दोन रंगवले. तिघांनी काहीच रंगवलं नाही. आणि एका मुलीने पट्टीखाली लिहिलं होतं, "हे होत नाही, भाग सारखे पडत नाही." पहिल्या प्रश्नात असमान भागांच्या आकृतीवर अख्ख्या वर्गात फक्त सात जणांनी फुली मारली होती, त्यातली ही एक. चुकलेल्या छपाईतसुद्धा तिने समान भागांची अट सोडली नाही. मॅडमनी त्या वेळी "चालतं, रंगव" म्हटलं असतं तर हे वाक्य मला मिळालं नसतं. तिसरा प्रश्न मी बाकी सगळ्यांसाठी रद्द केला. त्यावरून कोणाबद्दल काही ठरवणं योग्य नव्हतं.

दुसरा प्रश्न मात्र नीट बोलला. बावीस मुलं हजर होती, त्यातली एकवीस पानं माझ्या हातात. तेरा जणांनी ३/५ लिहिलं. चौघांनी ५/३, आणि त्यातली तिघं तांड्यावरची होती. तेच "पैकी". दोघांनी ३/२ लिहिलं होतं. हे ५/३ पेक्षा वेगळं दुखणं आहे. या मुलांनी रंगवलेले तीन मोजले, न रंगवलेले दोन मोजले आणि एकाखाली एक मांडले. त्यांच्या मनात पूर्ण पट्टी आलीच नाही. उरलेल्या दोघांनी नुसता ३ लिहिला. ५/३ वाल्यांना लिहायचा क्रम दाखवला की काम भागतं, अपूर्णांक त्यांना समजलेला आहे. ३/२ वाल्यांना पट्टी हातात देऊन "पूर्ण कोणतं?" इथपासून सुरुवात करावी लागते. चूक म्हणून दोन्हींवर एकच फुली पडली असती तर मी सहाही जणांना एकच गोष्ट शिकवत बसलो असतो.

चौथ्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. एकवीसपैकी नऊ जणांनी १/४ मोठा म्हटलं. हे अपेक्षित होतं. चार तिनापेक्षा मोठा, म्हणून १/४ मोठा, ही पाचवीतली नेहमीची समजूत. पूर्ण संख्यांची सवय अपूर्णांकावर चढते. नऊपैकी सहा जणांनी कारणातही तेच लिहिलं होतं: "कारण ४ मोठा आहे." त्यांचं चित्र एक तर नव्हतं किंवा कारणानंतर कसंबसं काढलेलं होतं. या सहांपैकी चौघांनी शेजाऱ्याशी बोलल्यावर पेन्सिलने १/३ केलं. एकाच्या पानावर पेन्सिलने लिहिलं होतं, "चार जनात वाटली त कमी येते." शेजाऱ्याने भाकरीचं सांगितलं असणार.

पण उरलेल्या तिघांचं कारण "४ मोठा आहे" नव्हतं. "चित्रात दिसते" असं होतं. आणि त्यांच्या चित्रात खरोखरच १/४ मोठा दिसत होता.

त्यातलं एक पान मी अजून जपून ठेवलं आहे. वर एक पट्टी, सहा सेंटिमीटर लांब, तिचे तीन भाग अगदी सारखे, दोन-दोन सेंटिमीटरचे, एक रंगवलेला. खाली दुसरी पट्टी, दहा सेंटिमीटर लांब, तिचे चार भाग अडीच-अडीचचे, एक रंगवलेला. दोन सेंटिमीटर आणि अडीच सेंटिमीटर. मुलाने डोळ्यांनी पाहिलं आणि डोळ्यांना जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. भाग पाडण्यात काही चूक नाही, रंगवण्यात नाही, तुलनेतही नाही. फक्त दोन्ही वेळा "पूर्ण" वेगळं घेतलं. चार भाग पाडायचे तर जागा जास्त लागेल म्हणून खालची पट्टी लांब काढली, हे त्याने मला नंतर सांगितलं. "चार भाग बसवाचे होते न सर, मून मोठी काहाडली."

या तिघांनी शेजाऱ्याशी बोलूनही उत्तर बदललं नव्हतं. मॅडमच्या कागदावर त्यांच्यापैकी एकाचं बोलणं टिपलेलं होतं: "चित्र पाय न, मोजून पाय." शेजारी भाकरीचं सांगत होता आणि हा पट्टी लावून मोजून दाखवत होता, आणि मोजमाप त्याच्या बाजूने होतं. तो का मानेल? अशा मुलाला "भाग जास्त तर भाग लहान" हा नियम पाठ करून घेतला तर तो मान डोलावतो आणि आतून त्याला वाटत राहतं की गुरुजी चित्राच्या विरुद्ध बोलताहेत.

पाचवा प्रश्न लवकर सांगून टाकतो. आठ जणांनी ३/१० लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी मला पंधरा दिवसांनी कळलेलं या वेळी तिसऱ्याच दिवशी कळलं, तेव्हा भिन्नछेद बेरीज पुढे ढकलली.

शाळा भरायच्या वेळेला चौदा क्रमांकाचा मुलगा आला. पान वहीत घडी न घालता आणलेलं. सोबत वडीलही होते. वावरात निघाले होते, वाटेत शाळा, म्हणून थांबले. पेनचं लिखाण मुलाचं होतं. चौथ्या प्रश्नात १/४ शेजारी मोठ्या, जड अक्षरात पेन्सिलने "पाव" लिहिलं होतं. १/३ शेजारी काही नव्हतं, फक्त पेन्सिल टेकवल्याचा ठिपका.

मी विचारलं, "हे तुम्ही लिहिलं का जी?"

"हो जी. पोट्टा विचारे, एक छेद चार म्हंजे काय. म्या म्हटलं पाव. मंग तो म्हने एक छेद तीन म्हंजे काय. त्याले नावच नाही न. दुकानात पाव मांगते, अर्धा मांगते, पाऊन मांगते. तिसरा हिस्सा कोनी मांगत नाही."

हे मी इतकी वर्षं शिकवत असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन. आपल्या रोजच्या बोलण्यातली सगळी नावं दोन आणि चार भागांवर उभी आहेत. पावकी, निमकी, पाऊणकी आमच्या आजोबांना पाठ होत्या, त्यातही तिसऱ्या भागाला जागा नव्हती. मूल १/४ कुठेतरी पाहून आलेलं असतं, १/३ त्याने कुठे पाहिलेला नसतो. आणि १/३ व १/४ यांची तुलना करायला आपण त्याला पहिल्याच आठवड्यात सांगतो.

मी म्हटलं, "मग तिसरा हिस्सा कुठेच नाही म्हणता?"

ते थोडं थांबले. "वाटनीत हाय न. आमी तिघं भाऊ. बापाचं वावर सहा एकर होतं. तिसरा हिस्सा दोन एकर आला मले."

त्या दिवशी पहिल्याच तासाला मी फळ्यावर वावर काढलं. लांबट चौकोन, कडेला धुरा, एका कोपऱ्यात विहीर. सहा एकर. तिघा भावांत वाटलं तर एकाला किती? दोन एकर, सगळे ओरडले. आता तेच वावर, पण भाऊ चार. इथे मी फळ्यावर दुसरं वावर काढायला गेलो आणि मुद्दाम पहिल्यापेक्षा बरंच लांब काढू लागलो. मोठी पट्टी काढणारे तिघं मी एका ओळीत बसवले होते. त्यांच्यापैकी ज्याने "मोजून पाय" म्हटलं होतं तो उठून उभा राहिला.

"सर, वावर तेवढंच पायजे न. भाऊ वाढले मून वावर वाढत नाही."

मी खडू त्याच्या हातात दिला. त्याने माझं लांब वावर पुसलं, पहिल्या वावराच्या दोन्ही कडांपासून खाली सरळ रेघा ओढल्या आणि त्यांच्या मध्ये दुसरं वावर काढलं, तेवढंच. चार भाग पाडले. सहा एकराचा चौथा भाग काढायला त्याला वेळ लागला. दीड एकर हे उत्तर मागच्या ओळीतून आलं. मग त्याने आपली कार्यपत्रिका मागितली. पेनने काढलेल्या दोन पट्ट्यांच्या खाली पेन्सिलने दोन नव्या काढल्या, दोन्ही सहा-सहा सेंटिमीटरच्या, आणि "१/४" वर आडवी रेघ मारून बाजूला "१/३" लिहिलं. मूळ पेनचं उत्तर त्याने गिरगटलं नाही.

दुपारी खिचडी झाल्यावर मी मॅडमना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "सर, मी गप्प बसले तेव्हा ते पोर माझ्याकडे फार आशेने पाहत होतं. पुढच्या वेळी अशा पोराला काय म्हणू?" त्यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि चिठ्ठीत एक वाक्य वाढवलं: चित्राला चित्रानेच उत्तर द्यायचं असेल तर एवढंच विचारा, "दोन्हीकडे पूर्ण सारखंच आहे का?" पण तेही पेन्सिलच्या वेळात, पेनच्या वेळात नाही.

दुसरी भर माझी होती. झेरॉक्स आणल्यावर पहिल्या पानावरची पट्टी मोजून पाहणे; बारा भरली तरच वाटणे. ती दोन पानं आता कार्यपत्रिकेच्या कोऱ्या गठ्ठ्यावर टाचून खणात ठेवली आहेत, आणि १/३ च्या आधी वावराची वाटणी घेणे अशी टीप वरच्या कोपऱ्यात लिहिली आहे.